एकमेकांना भाग जाणाऱ्या संख्यांची सगळ्यात मोठी टोळी: आधी सॉर्ट, मग डीपी, आणि शेवटी मागे जायची वाट

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'अं', 'म्हणजे कसं' काढून टाकलेत. कोड ऐकून समजत नाही अशी मागच्या वेळी बऱ्याच जणांची तक्रार होती, म्हणून कोड आणि तक्ता इथे लिहून दिलाय.)

आज सुरुवातीलाच एक काम देतो. खिशात पाकीट असेल तर काढा, नसेल तर डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे आत्ता चालणारी नाणी आणि नोटा कुठल्या? १, २, ५, १०, २०, ५०, १००, २०० आणि ५००. एकूण नऊ किमती.

आता यातून अशा किमती निवडायच्या की निवडलेल्यांपैकी कुठल्याही दोन उचलल्या तरी मोठीला लहानीने पूर्ण भाग गेला पाहिजे. बाकी शून्य. उदाहरणार्थ १० आणि ५० चालतील, कारण ५० भागिले १० म्हणजे ५. पण २० आणि ५० एकत्र चालणार नाहीत, कारण ५० ला २० ने भागलं की १० उरतात. म्हणूनच पन्नासच्या नोटेचे सगळे सुट्टे विसाच्या नोटांमध्ये मिळत नाहीत. अट एकच, आणि जास्तीत जास्त किती किमती निवडता येतील ते सांगायचं. पॉज करून करून बघा. उत्तर मी शेवटी सांगतो.

हेच कोडं लीटकोडवर ३६८ नंबरला आहे, नाव `Largest Divisible Subset`. तुम्हाला वेगवेगळ्या धन पूर्णांकांची एक यादी मिळते. त्यातला सगळ्यात मोठा असा सबसेट द्यायचा, ज्यातल्या प्रत्येक जोडीत एकाने दुसऱ्याला भाग जातो. नुसता आकडा द्यायचा नाही, प्रत्यक्ष संख्या द्यायच्या. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण अर्धी गंमत त्यातच आहे.

सगळे सबसेट तपासायचे का?

पहिला विचार बहुतेकांचा हाच असतो. प्रत्येक संख्या घ्यायची किंवा सोडायची, सगळे सबसेट बनवायचे, प्रत्येकात सगळ्या जोड्या तपासायच्या. आपल्या नऊ नोटांसाठी सबसेट होतात ५१२. काहीच अडचण नाही. पण ५० संख्या असतील तर सबसेट होतात २ चा ५० वा घात, म्हणजे साधारण १ वर १५ शून्यं. एका सेकंदात १०० कोटी सबसेट तपासले तरी तेरा दिवस लागतील. आणि लीटकोडवर संख्या हजारपर्यंत असू शकतात. तेव्हा हा रस्ता बंद.

दुसरा विचार येतो, तो जास्त फसवा. यादी लहानाकडून मोठ्याकडे लावायची, पहिली संख्या घ्यायची, आणि पुढे जाताना ज्या संख्येला हातातल्या शेवटच्या संख्येने भाग जातो ती उचलत जायचं. यालाच ग्रीडी म्हणतात. समोर आलेलं चाललं की घेऊन टाका.

हे का फसतं ते बघायला एक यादी घेऊ. आजचा सगळा भाग याच यादीवर चालणार आहे:

१६, ५०, ३, ४८, ८, १५, ४

सॉर्ट केली की होते ३, ४, ८, १५, १६, ४८, ५०. ग्रीडी ३ उचलतो. ४ ला ३ ने भाग जात नाही, सोडलं. ८ पण नाही. १५ ला जातो, उचललं. आता हातात शेवटी १५ आहे. १६ नाही, ४८ ला १५ ने भागलं की ३ उरतात म्हणून तेही नाही, ५० पण नाही. उत्तर आलं दोन संख्यांचं: ३ आणि १५.

खरं उत्तर आहे ४, ८, १६, ४८. चार संख्या. ग्रीडीने ३ उचलला तिथेच ४, ८ आणि १६ चा रस्ता बंद झाला. लहान संख्या आधी घेणं नेहमी फायद्याचं असतं असं वाटतं, पण भागाकारात 'लहान म्हणजे चांगली' असं काही नसतं. ३ लहान आहे म्हणून तिने १६ ला भाग जाईल असं थोडंच आहे?

सोपी करणारी एक गोष्ट

अट अशी आहे की प्रत्येक जोडी जुळली पाहिजे. म्हणजे हातात दहा संख्या असतील आणि अकरावी घालायची असेल, तर तिची दहाही जणांशी तपासणी करायची का?

नाही. इथे शाळेतलं एक साधं गणित कामी येतं. ४ ने ८ ला भाग जातो आणि ८ ने १६ ला भाग जातो, तर ४ ने १६ ला भाग जाणारच. वेगळं तपासायची गरज नाही. ८ म्हणजे ४ ची काहीतरी पट, १६ म्हणजे ८ ची काहीतरी पट, म्हणजे १६ ही ४ चीही पटच.

आता याचा वापर बघा. समजा आपल्याकडे एक चालणारा सबसेट आहे आणि तो लहानाकडून मोठ्याकडे लावलाय: ४, ८, १६. त्यातल्या प्रत्येक संख्येने सगळ्यात मोठ्या संख्येला, म्हणजे १६ ला, भाग जातोच. आता नवीन संख्या आली ४८, जी १६ पेक्षा मोठी आहे. ४८ ला १६ ने भाग जातो एवढं एकदा तपासलं की झालं. १६ ने भाग गेला म्हणजे ८ ने गेला, ४ ने गेला. दहा जणांना विचारायची गरज नाही, रांगेत शेवटी उभा आहे त्याला विचारा.

त्यामुळे 'सगळ्या जोड्या' वाला अवघड प्रश्न बदलून 'साखळी' वाला सोपा प्रश्न झाला. प्रत्येक कडी पुढच्या कडीला भाग देते, बस. अशी सगळ्यात लांब साखळी शोधायची.

पण या वाक्यात एक अट लपलेली आहे: 'सगळ्यात मोठी संख्या शेवटी आहे'. ती अट सुटली की सगळं कोसळतं. हे मी स्वतः तोंडावर आपटून शिकलोय.

४, १२, ६

कॅम्पस प्लेसमेंटच्या वेळी एका कंपनीच्या इंटरव्ह्यूत मला हाच प्रश्न आला होता. मी डीपी लिहिला, पण सॉर्ट केलं नाही. माझं डोकं असं चाललं: सॉर्ट कशाला, दोन्ही बाजूंनी तपासू ना. नव्या संख्येला जुन्याने भाग जातो किंवा जुन्याला नव्याने भाग जातो, दोन्हीपैकी काहीही झालं तरी साखळीत जोडून टाकू. प्रश्नातही तसंच म्हटलंय की जोडीतल्या एकाने दुसऱ्याला भाग गेला पाहिजे. कोण कुणाला, हे कुठे सांगितलंय?

समोरच्या मॅडमनी कोड वाचला आणि म्हणाल्या, "४, १२, ६ टाकून बघ."

मी फळ्यावर चालवायला लागलो. पहिला ४, लांबी १. मग १२ आला, १२ ला ४ ने भाग जातो, लांबी २. मग ६ आला. १२ ला ६ ने भाग जातो, म्हणून ६ ला १२ च्या मागे जोडलं, लांबी ३. उत्तर ४, १२, ६.

"४ आणि ६?" त्यांनी विचारलं.

६ ला ४ ने भाग जात नाही. मी दोन मिनिटं फळ्याकडे बघत उभा होतो. मग त्या म्हणाल्या, "एक ओळ कमी आहे तुझ्या कोडमध्ये. कुठली ते सांग." मला वेळेत सापडली नाही. ती ओळ होती `nums.sort()`.

नेमकं काय बिघडलं? ४ ने १२ ला भाग जातो, ६ ने १२ ला भाग जातो. पण यातून ४ आणि ६ यांचं एकमेकांशी काय नातं आहे ते काहीच कळत नाही. दोघांचे हात १२ च्या खांद्यावर आहेत, एवढंच. भागाकाराचं नातं साखळीने पुढे जातं ते एकाच दिशेने, लहानाकडून मोठ्याकडे. मध्येच दिशा उलटली की साखळी तुटते. सॉर्ट केल्यावर प्रत्येक नवी संख्या आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठीच असते, त्यामुळे दिशा उलटायचा प्रश्नच येत नाही.

आणि सॉर्ट न करता एकाच बाजूने तपासलं तर? मग उत्तर चुकीच्या जोड्यांचं येत नाही, पण लहान येतं. ८, २, ४ घ्या. ८ आला, लांबी १. २ आला, २ ला ८ ने भाग जात नाही, लांबी १. ४ आला, ४ ला २ ने भाग जातो, लांबी २. उत्तर दोन. खरं उत्तर तीन आहे: २, ४, ८. पण ८ आधीच येऊन गेला, त्याला मागून आलेल्या ४ बद्दल काही कळलंच नाही.

तुमचा कोड चुकतोय आणि कारण कळत नाहीये, तर या दोन यादी टाकून बघा. ४, १२, ६ ला तीनचं उत्तर आलं तर तुम्ही दोन्ही बाजूंनी तपासताय आणि सॉर्ट नाहीये. ८, २, ४ ला दोनचं उत्तर आलं तर एका बाजूने तपासताय पण सॉर्ट विसरलाय.

डीपी म्हणजे इथे काय लिहून ठेवायचं?

डायनॅमिक प्रोग्रॅमिंग ऐकलं की लोक घाबरतात. इथे त्याचा अर्थ इतकाच: प्रत्येक संख्येसमोर एक आकडा लिहायचा. 'ही संख्या शेवटची कडी असेल, तर जास्तीत जास्त किती लांब साखळी होते?' तो आकडा `dp` मध्ये.

आकडा काढायचा कसा? स्वतःच्या आधीच्या सगळ्या लहान संख्यांकडे बघायचं. ज्या ज्या संख्येने मला भाग जातो, तिच्यामागे मी उभा राहू शकतो. तिच्यासमोर लिहिलेला आकडा अधिक १, एवढी माझी साखळी होईल. त्यातला सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. कुणानेच भाग जात नसेल तर मी एकटा, आकडा १.

इथे कुणी विचारेल की आधीच्या संख्येसमोर फक्त सगळ्यात लांब साखळीचाच आकडा का, बाकीच्या साखळ्या का टाकून दिल्या? कारण पुढे येणाऱ्याला फक्त शेवटच्या कडीशी मतलब आहे. १६ वर संपणाऱ्या दोन साखळ्या घ्या, ४, १६ आणि ४, ८, १६. ४८ ला दोन्हीच्या मागे उभं राहता येतं, १०० ला दोन्हीच्या मागे नाही. शेवट सारखा असेल तर पुढचं भविष्य सारखंच. मग लांब आहे ती ठेवायची, आखूड विसरायची.

हाच फरक ग्रीडीत नव्हता. ग्रीडीने एकच साखळी हातात धरली होती. डीपी प्रत्येक संख्येवर संपणारी एकेक साखळी जिवंत ठेवतो. ३ ची वेगळी, ४ ची वेगळी. कोण पुढे कामाला येईल ते आत्ता ठरवायचं नाही.

आता आपली यादी चालवू. ३, ४, ८, १५, १६, ४८, ५०.

३: आधी कुणी नाही, १.
४: ३ ने भाग जात नाही, १.
८: ३ ने नाही, ४ ने जातो. ४ समोर १ आहे, म्हणून २.
१५: ३ ने जातो, ४ आणि ८ ने नाही. २.
१६: ४ ने जातो, म्हणजे २ होतील. ८ ने पण जातो, ८ समोर २ आहे, म्हणजे ३ होतील. मोठा आकडा घ्यायचा, ३.
४८: ३ ने जातो, २ होतील. ४ ने जातो, तेही २. ८ ने जातो, ३. १५ ने नाही. १६ ने जातो, १६ समोर ३ आहे, म्हणजे ४. उत्तर ४.
५०: कुणानेच भाग जात नाही. १.

सगळ्यात मोठा आकडा ४, तो ४८ समोर आहे. नीट बघा, तो यादीच्या शेवटी नाहीये. शेवटी ५० आहे आणि त्याच्यासमोर १ आहे. बरेच जण सवयीने `dp` चा शेवटचा आकडा उत्तर म्हणून देऊन टाकतात. इथे ते १ देतील. `dp` मधला आकडा 'इथपर्यंत सगळ्यात लांब' असा नाही, 'इथे संपणारी सगळ्यात लांब' असा आहे. त्यामुळे सगळ्यात मोठा कुठे आहे ते वेगळं शोधावं लागतं.

लांबी मिळाली, संख्या कुठे आहेत?

आता तो मुद्दा, जो मी सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितला होता. आपल्याला कळलं की उत्तर ४ संख्यांचं आहे आणि ती साखळी ४८ वर संपते. पण मधल्या तीन कोण?

एक मार्ग असा की प्रत्येक संख्येसमोर आकड्याऐवजी अख्खी साखळीच लिहून ठेवायची. चालेल. पण प्रत्येक वेळी जास्त चांगली साखळी मिळाली की जुनी यादी कॉपी करून तिच्यामागे एक जोडायचं, हे काम वाढत जातं. आणि गरज नसते, कारण त्या साखळ्यांचा बराच भाग एकसारखाच असतो. ४८ ची साखळी म्हणजे १६ ची साखळी आणि पुढे ४८. १६ ची साखळी आधीच १६ समोर लिहिलेली आहे. परत का लिहायची?

म्हणून फक्त एवढंच लिहायचं: 'मी कुणाच्या मागे उभा आहे?' ते `parent` मध्ये. आणि संख्या लिहायची नाही, तिचा इंडेक्स लिहायचा, म्हणजे तिथे थेट उडी मारता येते. जो कुणाच्याच मागे नाही, त्याचा `parent` -१.

ट्रेझर हंटसारखं आहे हे. प्रत्येक चिठ्ठीवर फक्त पुढच्या चिठ्ठीचा पत्ता असतो, सगळा नकाशा कुठेच नसतो. तरी शेवटपर्यंत पोचता येतं. इथे फक्त आपण मागे मागे जातो.

आपल्या यादीचा पूर्ण तक्ता असा दिसतो:

```
i         0    1    2    3    4    5    6
nums      3    4    8   15   16   48   50
dp        1    1    2    2    3    4    1
parent   -1   -1    1    0    2    4   -1
```

४८ पासून सुरू करू. ४८ चा इंडेक्स ५. ४८ लिहून घ्या. त्याचा `parent` ४, तिथे १६ आहे. लिहा. १६ चा `parent` २, तिथे ८. लिहा. ८ चा `parent` १, तिथे ४. लिहा. ४ चा `parent` -१, थांबा. हातात आलं ४८, १६, ८, ४. उलटं केलं की ४, ८, १६, ४८.

कोड एवढाच आहे:

```python
def largest_divisible_subset(nums):
    nums.sort()
    n = len(nums)
    dp = [1] * n
    parent = [-1] * n
    best = 0
    for i in range(n):
        for j in range(i):
            if nums[i] % nums[j] == 0 and dp[j] + 1 > dp[i]:
                dp[i] = dp[j] + 1
                parent[i] = j
        if dp[i] > dp[best]:
            best = i
    ans = []
    while best != -1:
        ans.append(nums[best])
        best = parent[best]
    return ans[::-1]
```

हजार संख्या असतील तर आतला लूप किती वेळा फिरतो? प्रत्येक जोडी एकदा, म्हणजे ४,९९,५००. पाच लाखांच्या आत. मघाशी ५० संख्यांना तेरा दिवस लागत होते, आता हजार संख्यांचं काम एका सेकंदाच्या आत होतं.

यादी रिकामी असेल तर हा कोड `nums[0]` वर आपटेल. लीटकोडवर यादीत निदान एक संख्या असतेच, पण दुसरीकडे वापरणार असाल तर सुरुवातीला `if not nums: return []` घाला. तसंच यादीत शून्य असेल तर सॉर्ट केल्यावर ते पहिलं येईल आणि शून्याने भागाकार केल्याबद्दल प्रोग्रॅम बंद पडेल. प्रश्नात धन पूर्णांक म्हटलंय ते त्यासाठीच.

`parent` मध्ये होणाऱ्या चुका

मी ज्युनियर लोकांचा कोड बघतो तेव्हा डीपीचा भाग बहुतेक वेळा बरोबर असतो. चूक असते ती `parent` मध्ये, आणि ती विचित्र रूपात दिसते.

पहिली चूक: `parent` ची सुरुवात -१ ऐवजी ० ने करणं. सी++ मध्ये सवयीने वेक्टर शून्याने भरला जातो, तिथे हे हमखास होतं. शून्य म्हणजे 'कुणी नाही' असा आपला समज, पण शून्य हा खरा इंडेक्स आहे, तिथे ३ उभा आहे. मग ४ म्हणतो, मी ३ च्या मागे आहे. आणि ३ म्हणतो, मी माझ्याच मागे आहे. लूप ३ वर जाऊन गोल गोल फिरत राहतो. तुमचा प्रोग्रॅम अडकला आणि `ans` मध्ये पहिलीच संख्या हजारदा दिसली, तर हे कारण.

दुसरी चूक पायथनची खास. समजा `while` ची अट चुकली आणि -१ वर थांबलोच नाही. दुसऱ्या भाषांमध्ये बहुधा काहीतरी एरर येईल किंवा कचरा वाचला जाईल. पायथनमध्ये `nums[-1]` म्हणजे यादीतली शेवटची संख्या. एरर येतच नाही. आपल्या यादीत ४, ८, १६, ४८ गोळा झाल्यावर तो गुपचूप ५० उचलतो. ५० चा `parent` पण -१, म्हणजे परत ५०. उत्तरात मध्येच एक संबंध नसलेली मोठी संख्या दिसली की -१ कडे संशयाने बघा.

तिसरी चूक: `dp` बदलला पण त्याच वेळी `parent` बदलला नाही. किंवा उलट, भाग गेला की लगेच `parent` बदलला, साखळी लांब होते की नाही ते न बघता. आपल्या यादीत ही उलटी चूक केली तरी उत्तर बरोबर येतं, कारण ४८ ला भाग देणारी शेवटची संख्या योगायोगाने १६ च आहे. म्हणून वेगळी यादी घ्या: २, ४, ८, १५, १२०. १२० साठी लांबी ४ निघते, २, ४, ८, १२०. पण १५ नेही भाग जातो आणि तो शेवटी येतो, म्हणून चुकीचा कोड `parent` १५ लिहून बसतो. छापायला गेलं की मिळतं १५, १२०. लांबी सांगते ४, संख्या निघतात दोन.

तपासायची सोपी खूण हीच. शेवटी `len(ans)` आणि `dp` मधला सगळ्यात मोठा आकडा सारखे आहेत का बघा. नसतील तर चूक बहुधा `parent` मध्ये आहे, आधी तिथे शोधा.

आणखी वेगात होईल का?

ज्यांनी वाढत्या संख्यांची सगळ्यात लांब मालिका, म्हणजे `LIS`, केलंय त्यांना हे ओळखीचं वाटलं असेल. तिथे बायनरी सर्च वापरून काम अजून वेगात होतं. मग इथेही तसं का करू नये?

तिथली युक्ती अशी की प्रत्येक लांबीसाठी शेवटी सगळ्यात लहान संख्या असलेली एकच मालिका ठेवायची. शेवट ३ असलेली मालिका शेवट ४ असलेल्या मालिकेपेक्षा कधीच वाईट नसते, कारण ४ पेक्षा मोठी असलेली प्रत्येक संख्या ३ पेक्षाही मोठी असते. भागाकारात हे चालत नाही. ४ ने ८ ला भाग जातो, ३ ने नाही. ३ आणि ४ मध्ये कोण 'बरं' ते ठरवताच येत नाही, दोघांनाही ठेवावं लागतं. ग्रीडी ज्या कारणाने पडला, त्याच कारणाने ही युक्तीही पडते.

मात्र भागाकारात एक वेगळी मर्यादा फुकट मिळते. साखळीतली प्रत्येक पुढची संख्या आधीच्या संख्येच्या निदान दुप्पट असते. वेगळी असून पट असायची तर दुप्पट ही कमीत कमी. लीटकोडवर संख्या २०० कोटींपर्यंत आहेत. १ पासून दुप्पट करत गेलं तर २ च्या ३० व्या घातापर्यंत, म्हणजे सुमारे १०७ कोटींपर्यंत जाता येतं, त्यापुढची दुप्पट २०० कोटींच्या बाहेर जाते. म्हणजे यादी हजारची असली तरी साखळी ३१ पेक्षा लांब होऊच शकत नाही. त्यामुळे मघाशी म्हटलं तशी अख्खी साखळी प्रत्येकासमोर लिहून ठेवली तरी इथे मेमरी फुटणार नाही. पण `LIS` मध्ये साखळी हजारचीही होऊ शकते, तिथे तीच सवय महागात पडते. `parent` ची सवय दोन्हीकडे चालते.

आता पाकिटाचं उत्तर

१, २, ५, १०, २०, ५०, १००, २००, ५००. उत्तर आहे सहा. आणि वरचा कोड चालवला तर तो देतो १, २, १०, २०, १००, २००.

कुणी म्हणेल, माझं तर १, ५, १०, ५०, १००, ५०० आलं. तेही बरोबर. नीट बघितलं तर १, १० आणि १०० हे मधले पक्के खांब आहेत. त्यांच्यामध्ये २ किंवा ५, मग २० किंवा ५०, मग २०० किंवा ५००. तीन जागी दोन-दोन पर्याय, म्हणून सहा लांबीची एकूण आठ उत्तरं. प्रश्नात कुठलंही एक चालतं.

कोडमध्ये दोन्ही ठिकाणी `>` च्या जागी `>=` केलं, म्हणजे आतल्या `if` मध्ये आणि `best` च्या ओळीत, तर नेमकं १, ५, १०, ५०, १००, ५०० येतं. `>` असताना बरोबरी झाली की पहिला आलेला जागेवर राहतो, `>=` असताना नंतर आलेला त्याला उठवतो. मित्राचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आलं म्हणून लगेच कुणाचा तरी कोड चुकीचा धरू नका. आधी लांबी जुळवा, मग त्याची साखळी कडी कडीने तपासा.

आणि जाता जाता एक. मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने २००० ची नोट चलनातून मागे घ्यायचं जाहीर केलं. ती यादीत असती तर? २००० ला २०० नेही भाग जातो आणि ५०० नेही. म्हणजे आठही साखळ्यांना शेवटी एकेक कडी जोडली गेली असती आणि उत्तर सात झालं असतं. कोड न चालवता हे सांगता आलं, कारण आपण फक्त शेवटच्या कडीला विचारलं.

आजचं होमवर्क: आठ उत्तरं आहेत हे आपण डोक्याने मोजलं. कोडने मोजायचं असेल तर `dp` च्या शेजारी अजून एक अ‍ॅरे लागेल. त्यात काय लिहायचं आणि बरोबरी झाली की त्याचं काय करायचं, ते करून बघा. नोटांच्या यादीवर ८ आलं पाहिजे, आणि २००० घातल्यावरही ८ च आलं पाहिजे. पुढच्या भागात तिथूनच सुरू करू. भेटू.